गहाणाची पावती, खाणावळीची वही आणि एक केसपेपर

परळच्या एका चाळीतली दहा बाय बाराची खोली. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची होती आणि खोलीची मालकीण, म्हणजे तीन भावंडांची आई, चार महिन्यांपूर्वी गेली होती. थोरली ताई शिक्षिका, आता निवृत्तीला आलेली. मधला दादा एका खाजगी कंपनीत. धाकटी लग्न होऊन पुण्याला. तिघांनी मिळून आईची कपाटं आवरायला घेतली आणि त्यातून जे निघालं ते लावून पाहायला मला बोलावलं. मी त्याच चाळीत वाढले, ताईची शाळेपासूनची मैत्रीण, आणि नोकरी केली ती सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागात. त्यांच्या आईला मी मावशी म्हणायचे. तिघांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नावं आणि गावं गाळली आहेत.

मावशी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या भागातल्या. १९७० साली लग्न होऊन मुंबईला आल्या. काका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. चाळीतल्या बऱ्याच बायका तेव्हा खाणावळ चालवत, तशी मावशींनीही सुरू केली. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार दोन वेळा जेवायला यायचे, पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. त्यांना मेंबर म्हणायचे. ही खाणावळ मावशींनी जवळजवळ तीस वर्षं चालवली. मुलांना आई आठवते ती स्टोव्हपुढे बसलेली.

आवरायच्या जागा तीन होत्या: लोखंडी कपाट, भिंतीतलं फडताळ आणि पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी. पहिल्या दिवशी तिघांनी कपाट उघडलं आणि सगळ्यात आधी हाती लागल्या अकरा कोऱ्या साड्या. घडीसुद्धा न मोडलेल्या, काहींवर दुकानाचं लेबल तसंच. धाकटी तिथेच रडायला लागली. आईने जन्मभर दोन साड्या आलटून पालटून नेसल्या आणि नव्या आमच्यासाठी ठेवल्या, असं तिचं म्हणणं. दादालाही तेच वाटलं.

मी गेले तेव्हा त्या साड्या एकेक करून पाहिल्या. सात साड्यांच्या आत टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. कुणाची आली, कुठल्या लग्नात आली, कुणाला जायची. त्या देण्याघेण्याच्या साड्या होत्या. एका घरातून आलेली ओटीची साडी त्याच घरात परत जाऊ नये म्हणून बायका असं लिहून ठेवतात. त्यात त्याग नव्हता, चोख व्यवहार होता. तसाच एका डब्यात दामोदर नाट्यगृहाच्या तिकिटांच्या अर्ध्या तुकड्यांचा जुडगा निघाला. बहुतेक दुपारचे प्रयोग. आई नाटकाला जायची हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. शेजारच्या एक आजी अजून आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही दोघी जायचो की, मेंबर कामावर गेले की संध्याकाळच्या भाकऱ्यांपर्यंत मोकळंच असायचं.

हे आधी सांगायचं कारण असं की, आई गेल्यावर कपाट उघडणारी मुलं मनातून त्यागच शोधत असतात. डोळ्यांत पाणी असलं की कोरी साडीही पुरावा वाटते. मावशींनी खरोखर जे सोडलं होतं ते या साड्यांत नव्हतंच. ते पत्र्याच्या पेटीत, कागदांच्या गठ्ठ्यांत होतं, आणि त्यातला निम्मा कागद पहिल्याच संध्याकाळी रद्दीच्या ढिगात गेला होता.

गठ्ठे फुटले तेव्हा

पेटीत सुतळीने बांधलेले लहान लहान गठ्ठे होते. दादा स्वभावाने नीटनेटका. त्याने सगळे गठ्ठे सोडले आणि कागदांच्या जाती लावल्या: लाइट बिलं एकीकडे, भाडेपावत्या एकीकडे, शाळेच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, आणि उरलेलं रद्दीत. कुणीही असंच करेल. पण जुन्या माणसांचे गठ्ठे जातीने बांधलेले नसतात, प्रसंगाने बांधलेले असतात. एका कामासाठी काढलेलं कर्ज, त्या कामाची पावती आणि त्या दिवशीची चिठ्ठी एका सुतळीत जाते. सुतळी सोडली की कागद राहतात आणि त्यांचं नातं तुटतं. बँकेत मयत खातेदारांच्या वारसांनी आणलेल्या पिशव्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गठ्ठा आहे तसा ठेवून, वरून खाली एकेका कागदाचा फोटो काढून मगच तो फोडावा, एवढं मी तेव्हाही सांगायचे.

इथे त्या सुतळीची किंमत लगेच कळली. दवाखान्याच्या आणि शाळेच्या पावत्यांच्या मधे दादाला एक पातळ, पिवळा पडलेला कागद मिळाला होता. वरच्या बाजूला लालबागच्या एका सराफ-सावकाराचं नाव. तारीख जुलै १९८९. जिन्नस: पाटल्या नग २. वजन ४२ ग्रॅम. दिलेली रक्कम ८,०००. व्याज शेकडा दीड, दरमहा.

या पाटल्यांचा या घरात मोठा इतिहास आहे. त्या मावशींच्या माहेरच्या. लहानपणी सगळ्यांनी त्या पाहिल्या होत्या, आणि मग कधीतरी त्या दिसेनाशा झाल्या. ताईच्या लग्नात त्या निघाल्या नाहीत. धाकटीच्या लग्नातही नाहीत. दोघी बहिणींनी मनाशी धरून ठेवलं होतं की आईने त्या वहिनीला दिल्या. दादाला आणि वहिनीला हा संशय माहीत होता. कुणी कधी तोंडाने बोललं नाही, पण वीस वर्षं सणावाराला हा विषय ताटाखालच्या पाटासारखा सगळ्यांच्या खाली होता.

ताईने मला पहिला प्रश्न विचारला तो हाच. "गहाण ठेवल्या होत्या हे कळलं. पण नंतर सोडवल्या असतील ना? सोडवून मग कुणाला दिल्या?"

याचं उत्तर त्या कागदातच होतं. गहाणाचा जिन्नस सोडवताना मूळ पावती सावकाराला परत द्यावी लागते. पैसे भरले, जिन्नस मिळाला, अशी मागे सही होते आणि पावती दुकानात राहते. घरी उरलंच तर फेडीची चिठ्ठी उरते. मूळ पावती घरात आहे आणि तिच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही, याचा अर्थ जिन्नस परत आलेला नाही. पाटल्या बुडाल्या. वहिनीपर्यंत त्या पोचायचा प्रश्नच नव्हता.

ताई बराच वेळ पावतीची पाठ बघत राहिली. मग उठली आणि वहिनीला फोन लावायला गॅलरीत गेली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न मात्र सुटला नाही. आठ हजार कशासाठी? जुलै १९८९ मध्ये या घरात दोन मोठे खर्च एकाच वेळी आले होते. ताईला एका खाजगी अध्यापक विद्यालयात डी.एड.ला प्रवेश मिळाला होता, आणि दादाचा टायफॉइड उलटून त्याला खाजगी नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं होतं. दोन्ही पावत्या पेटीत होत्या. गहाणाची पावती यांतल्या एकीबरोबर बांधलेली असणार. कुठल्या, ते आता कुणालाच सांगता येत नाही. दादाला आठवेना, आणि त्याचं त्याला फार लागलं.

ताई म्हणाली, माझ्या फीसाठीच. दादा म्हणाला, नाही, माझ्या आजारपणासाठी. दोघंही ते ओझं आपल्याकडे ओढत होते. दोन्ही पावत्यांची बेरीज आठ हजारांच्या जवळपास जात होती, म्हणून दोन्हीसाठीही असेल. मी एवढंच सांगितलं की कागदावर जे नाही ते आपण त्यावर लिहू नये.

खाणावळीची वही

मावशी चौथी शिकलेल्या. त्यांच्या लांब वह्या फडताळात सगळ्यात खाली होत्या, एकूण नऊ. मधल्या बऱ्याच वर्षांच्या वह्या नाहीत, पण १९८१ ते ८३ आणि १९८८ ते ९६ या काळातल्या आहेत. प्रत्येक पानावर उभ्या रेषा मारून मेंबरांची नावं आणि रोजच्या हजेरीची खूण: दोन वेळा जेवला तर फुली, एकदा जेवला तर तिरपी रेघ. शेवटच्या दोन पानांवर येणं आणि देणं.

धाकटीने या वह्या चिकाटीने वाचल्या. ऑगस्ट १९८९ पासून दर महिन्याच्या खर्चात तिला एक ओळ सापडली: "पा. व्या. १२०". आधी तिला ते पाण्याचं काहीतरी वाटलं. पावती शेजारी ठेवल्यावर उलगडलं. आठ हजारांवर शेकडा दीडने महिन्याचे बरोबर एकशे वीस होतात. पाटल्यांचं व्याज.

ती ओळ नोव्हेंबर १९९१ पर्यंत एकदाही चुकलेली नाही. अठ्ठावीस महिने, ३,३६० रुपये. तेव्हा चौदा मेंबर होते, आणि सामान, रॉकेल, दूध जाऊन महिन्याला सहा-सातशे हाती राहायचे, असं वहीवरून दिसतं. त्यातून हे एकशे वीस. नुसतं व्याज भरलं की जिन्नस जिवंत राहतो, मुद्दल तसंच राहतं. मावशी पाटल्या सोडवायची आशा धरून होत्या, असा याचा सरळ अर्थ आहे.

डिसेंबरमध्ये ओळ थांबते. त्याच महिन्यात हजेरीच्या पानावर चौदाच्या जागी नऊ नावं आहेत. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या अर्धवट चालू होत्या त्यांतलंही काम कमी कमी होत चाललं होतं, मेंबर गावी परतत होते. मावशींनी काही महिने हिशोब जुळवून पाहिला असेल. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेल्या बेरजा आहेत, खोडलेल्या, पुन्हा केलेल्या. पुढे पाटल्यांचा उल्लेख कुठेच नाही. काकांना हे माहीत होतं का? काका २००३ साली गेले. विचारायला कुणी उरलं नाही.

मला स्वतःला या वह्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट पाटल्यांची वाटत नाही. ती १९८२ च्या वहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते आणि संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. खाणावळवालीचं यात दुहेरी मरण होतं. घरचा पगार बंद, आणि मेंबरही गिरणीतलेच, म्हणजे त्यांचेही पैसे बंद. फेब्रुवारीपासून येण्याच्या पानावर रकमा चढत जातात. मेंबर जेवतच होते, फुल्या चालूच आहेत. मे महिन्यात एकेक नाव गळायला लागतं, म्हणजे तो माणूस गावाला गेला. नावापुढे बाकी तशीच. सहा नावांच्या बाकीवर मावशींनी काट मारलेली नाही आणि वसूलही लिहिलेली नाही. दुसऱ्याच्या मुलांना चार-पाच महिने उधारीवर जेवू घातलं आणि त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. त्या वेळी ताई अकरा वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच की त्या वर्षी आई सगळ्यांच्या शेवटी, भांडी घासून झाल्यावर जेवायची, आणि तेव्हा आपण झोपलेलो असायचो.

हक्कसोडपत्र

पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक नोंदणीकृत दस्ताची प्रत होती. १९९६ सालचं हक्कसोडपत्र. मावशींचे वडील १९९५ मध्ये वारले. त्यांच्या नावे सहा एकर जमीन. वारस चार: दोन मुलगे, दोन मुली. वारसनोंदीत चौघांची नावं लागली आणि वर्षभरात दोघी बहिणींनी हक्क सोडून दिला. फेरफारात नावं कमी झाली.

दादा भडकला. त्याच्या मते मामांनी साडीचोळी देऊन आईची बोळवण केली. चौथा हिस्सा, म्हणजे दीड एकर, गिळला.

हिस्सा किती होता हे आधी नीट पाहायला हवं होतं, म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं. जमीन वडिलार्जित होती, आजोबांनी स्वतः घेतलेली नव्हती. मुलींना जन्मापासून सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला लागू झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना ती नव्हती. मावशींचं लग्न १९७० चं. तेव्हा त्या वेळच्या कायद्याने आधी आजोबा आणि दोन मुलगे अशी तिघांत वाटणी धरायची (आजी आधीच वारल्या होत्या), आणि आजोबांच्या वाट्याला येणारा एक तृतीयांश चार मुलांत समान वाटायचा. मावशींचा हिस्सा बारावा येतो. सहा एकरांत वीस गुंठे. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने चित्र बदललं, पण आईने स्वतः सही केलेलं, नोंदणी झालेलं आणि हयातीत कधी आव्हान न दिलेलं पत्र आज मुलांनी उलटवायला जाणं व्यर्थ आहे. गावच्या ओळखीच्या वकिलांनीही दादाला तेच सांगितलं.

वीस गुंठेही काही कमी नाहीत. आणि अशा सह्या कशा होतात हे मी पाहिलेलं आहे. बहिणीला रजिस्टर ऑफिसात नेतात, वाटेत चहा पाजतात, माहेर तुटायला नको म्हणून ती सही करते, आणि घरी येऊन नवऱ्यालाही पुरतं सांगत नाही. याला मी अन्यायच म्हणेन. तो किती घरांत झाला याची मोजदाद करायला महाराष्ट्रातले फेरफार उघडावे लागतील.

पण या घरात आणखी एक कागद होता. १९८२ च्याच वहीत, देण्याच्या पानावर, मावशींनी लिहिलं होतं: "भाऊ. ज्वारी २ पोती, शेंगा १ पोतं." एकदा मार्चमध्ये, पुन्हा नोव्हेंबरात, पुन्हा पुढच्या फेब्रुवारीत फक्त ज्वारी. भाऊ म्हणजे थोरले मामा. संपाच्या काळात गावाकडून धान्य आलं आणि त्यावर हे घर तगलं. मेंबरांची उधारीची ताटंही बहुधा त्याच ज्वारीची. मामांनी ते कधी मोजलं असेल असं वाटत नाही. मावशींनी मात्र ते भेट म्हणून लिहिलं नाही, देणं म्हणून लिहिलं.

आणि त्या तिन्ही ओळींवर काट आहे. मूळ ओळी शाईच्या पेनाने लिहिलेल्या, काट निळ्या बॉलपेनची. बाकीच्या प्रत्येक काटेशेजारी तारीख आहे, हिच्याशेजारी नाही. धाकटीचं म्हणणं, आईने सही करून आल्यावर ही काट मारली, देणं फिटलं म्हणून. ताई ते मानत नाही. तिच्या मते आईला इतका विचार करायची कुणी मुभाच दिली नाही, पुढे बोट दाखवलं तिथे सही केली. दोघींचंही मला पटतं आणि निकाल मला देता येत नाही. एवढं खरं की हक्कसोडपत्र एकटं वाचलं की मामा लुबाडणारे दिसतात, आणि वही एकटी वाचली की देवमाणूस दिसतात. मामा ऐंशीच्या पुढे आहेत. दादा त्यांना भेटून आला. जमिनीचं काही बोलला नाही, ज्वारीचं विचारलं. मामा म्हणाले, "दिली असेल. तुझ्या आईनं मागितली नव्हती, एवढं आठवतंय."

केसपेपर

आता जे सांगते ते लिहावं की नाही याचा ताईने आठवडाभर विचार केला आणि मग लिही म्हणाली.

कपाटाच्या खालच्या खणात चादरींखाली सहा जाड सुती पट्ट्या होत्या. तळहाताएवढ्या रुंद, दोन-तीन पदरी, हाताने शिवलेल्या, दोन्ही टोकांना नाडी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या. धाकटीला वाटलं, पाळीच्या वेळच्या जुन्या घड्या. ती त्या रद्दीच्या कपड्यांत टाकणार होती. पण आईची पाळी तर पंचवीस वर्षांपूर्वीच गेली होती, आणि पट्ट्यांपैकी दोन अगदी अलीकडच्या कापडाच्या होत्या. वहिनीच्या जुन्या गाऊनचं कापड धाकटीने ओळखलं.

दवाखान्याच्या कागदांत महापालिकेच्या एका रुग्णालयाचा केसपेपर होता, फेब्रुवारी १९९२ चा. स्त्रीरोग विभाग. गर्भाशय खाली सरकल्याचं निदान, बाहेर येण्याइतकं, आणि पुढे शेरा: भरती होऊन शस्त्रक्रिया करावी. खाली रिंग बसवल्याची नोंद. ही रबराची रिंग आतल्या भागाला आधार देते, पण ठरावीक महिन्यांनी दाखवून ती काढून, धुऊन किंवा बदलून घ्यावी लागते. केसपेपरच्या मागे पुढच्या दोन भेटींच्या तारखा आहेत. नंतर काही नाही.

बायका याला अंग बाहेर येणं म्हणतात, आणि तेही आपसातच, हलक्या आवाजात. बाळंतपणांनंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात. त्यात रोज जड उचलणं, उकिडवं बसून काम, जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यावर आणखी सैल होणं, यांनी ते वाढतं. चौदा माणसांचा भात उतरवणारी बाई वर्षानुवर्षं काय उचलते याचा अंदाज करा. शस्त्रक्रिया केली तर काही दिवस रुग्णालयात, आणि नंतर दीड ते तीन महिने जड उचलायचं नाही. म्हणजे खाणावळ बंद. मेंबर दुसरीकडे गेले की परत येत नाहीत.

शस्त्रक्रिया झाली नाही हे कशावरून? हजेरीच्या वहीवरून. १९९२ च्या फेब्रुवारीपासून वर्ष संपेपर्यंत फुल्यांत एका दिवसाचा खंड नाही. सणाच्या सुट्ट्या सोडल्या तर रोज दोन वेळा चूल पेटलेली आहे. पाटल्यांचं व्याज बंद होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

धाकटी मग एकेक गोष्ट बोलायला लागली. आई भांडं उचलायच्या आधी नेहमी दादाला हाक मारायची आणि आम्ही तिला आळशी म्हणायचो. सगळी चाळ पंढरपूरला गेली तेव्हा ती गेली नाही. आणि २००७ मध्ये धाकटीचं बाळंतपण पुण्याला झालं तेव्हा आई आली नाही. "मला गाडी लागते," एवढंच कारण दिलं. सासूच्या समोर, नणंदेच्या समोर धाकटीला ते फार लागलं होतं. तिने आईला ते ऐकवलंही होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. अशा आजारात लघवी वरचेवर लागते, थांबवता येत नाही, चार तासांचा प्रवास म्हणजे शिक्षा. मावशींचं कारण हेच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मुंबई-पुणे गाडी लागणारी बाई दर मे महिन्यात घाट चढून साताऱ्याच्या गावी जायची, हे धाकटीलाच आठवलं. तेव्हा त्या खाजगी जीपने जायच्या, हवं तिथे थांबवता यायची.

दादा हे सगळं चालू असताना खोलीतच होता. उठून बाहेर जाऊ का, असं त्याने खुणेने विचारलं. ताई म्हणाली, "बस. तुझीही आई आहे."

संध्याकाळी धाकटी आणि दादा खाली सामान टेम्पोत चढवत होते. ताई आणि मी मोरीजवळ उरलेल्या पट्ट्या घडी करत होतो. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाही आहे. चार वर्षं झाली." शाळेत दिवसभर उभं राहणं, घरी सासूबाईंना उचलून बसवणं. कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, रजा शिल्लक आहे, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, रजेचे पैसे मिळतात.

मी तिथूनच धाकटीला हाक मारली.

पुढच्या सोमवारी दोघी बहिणी रुग्णालयात गेल्या. मावशींइतकं वाढलेलं नव्हतं. आधी व्यायाम आणि रिंग, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेतली. ताईने दोन महिन्यांची रजा टाकली. सासूबाईंना उचलायला दिवसाची बाई लावली, तिचे निम्मे पैसे दादा देतो. डबा वहिनी पाठवते.